मदत हवी आहे: आईंची कॉम्प्रेशन स्लीव्ह अडीच महिन्यांत सैल पडली, धुण्यात काही चुकतंय का?

रेवा_चिपळूण

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंचं (वय ६८) दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी काढल्यामुळे उजव्या हाताला सूज येते. फिजिओबाईंनी मापं घेऊन मनगटापासून दंडापर्यंतची घट्ट स्लीव्ह दिली आहे. लेबलवर पॉलिअमाइड आणि इलॅस्टेन असं लिहिलंय. एकाच मापाच्या दोन घेतल्या, एक दिवस ही, एक दिवस ती. दोन्ही महाग आहेत आणि सहा महिने सहज जातील असं सांगितलं होतं.

आता अडीच महिन्यांतच एक सैल झाली. सकाळी घालताना पूर्वी दहा मिनिटं झटापट व्हायची, आता सरसर चढते आणि दुपारपर्यंत दंडावरून खाली घसरून कोपरापाशी चुण्या पडतात. संध्याकाळी हात जड वाटतो असं आई म्हणतात. मी स्वच्छतेत कुठेही कमी पडत नाही, रोज धुते. रोज धुतल्यामुळेच ती खराब होतेय का? दोन दिवसांआड धुवावी का?

मंदाकाकू

अगं, इलॅस्टिक सैल झालं की आम्ही परकराची नाडी बदलतो तसं टेलरकडून वरचं इलॅस्टिक बदलून घे. नाहीतर बाजूने एक शिवण मारून घे, पुन्हा घट्ट होईल. एवढ्यासाठी नवी कशाला?

रेवा_चिपळूण

काकू, यात वेगळी पट्टी नाहीये. अख्खं कापडच ताणलं जातं. पण शिवण मारायचा विचार माझ्याही मनात आला होता.

प्रोसेसवाला

रेवाताई, शिवण मारू नका. या स्लीव्हचा दाब मनगटाशी जास्त आणि वर दंडाकडे कमी होत जातो, म्हणून सुजेचं पाणी वर सरकतं. मध्येच कुठेतरी आवळलं तर त्याच्या खाली सूज साठेल.

मी तेवीस वर्षं होजिअरीच्या प्रोसेस हाऊसमध्ये काढली, बरीचशी तिरुपूरला. लायक्रा, म्हणजे तुमच्या लेबलवरचं इलॅस्टेन, घातलेलं कापड रोज हातातून जायचं. धुण्याचं नंतर बोलू. आधी एवढं सांगा: दोन्ही स्लीव्ह सैल झाल्यात की एकच? आणि धुण्याची पद्धत जशी आहे तशी लिहा, काहीही गाळू नका.

अनिकेत_ठाणे

डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात. ते डाग खातात तसे लायक्राही खातात. एन्झाइमवाली पावडर बंद करा, प्रश्न सुटला. माझा स्विमिंगचा कॉश्च्युम असाच गेला, चार महिन्यांत मागून जाळीदार झाला.

रेवा_चिपळूण

दादा, विचारलंत म्हणून बघितलं तर एकच सैल आहे. ओळखायला मी तिला लाल दोरा घातलाय. ती मी धुते: बादलीत उकळतं पाणी, त्यात पांढऱ्या कपड्यांची पावडर मोठा चमचाभर, जंतुनाशकाचं एक झाकण, अर्धा तास भिजत. इन्फेक्शनची भीती डॉक्टरांनीच घातली होती. जून लागल्यापासून इथे काही वाळतच नाही, म्हणून पिळून ओलसर असतानाच इस्त्री मारते, कडा हाताने ओढून धरून, म्हणजे चुण्या राहत नाहीत.

दुसरी आईंनी स्वतःकडेच ठेवली. "तुझं ते उकळणं मला पटत नाही" म्हणाल्या. अंघोळीनंतर उरलेल्या कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने धुतात, टॉवेलवर पसरतात. ती अजून घट्ट आहे.

प्रोसेसवाला

तुमचं उत्तर तुमच्या इस्त्रीत आहे, ताई.

गिरणीत लायक्राचं कापड विणून येतं तेव्हा ते आकसलेलं असतं, धड कापताही येत नाही. मग ते स्टेंटर नावाच्या यंत्रावर घेतात. दोन्ही काठ पिनांवर अडकवायचे, हव्या त्या रुंदीला ओढायचं आणि साधारण १८० ते १९५ अंश उष्णतेतून अर्धा-पाऊण मिनिट न्यायचं. बाहेर आलं की त्या रुंदीला कापड 'बसतं'. याला आम्ही हीट सेट म्हणतो.

हे कसं घडतं तेही सांगतो. लायक्राच्या धाग्यात लांब, लवचिक साखळ्या असतात आणि मध्येमध्ये त्यांना एकत्र धरणाऱ्या घट्ट गाठी. तुम्ही ओढता तेव्हा साखळ्या उलगडतात, गाठी धरून ठेवतात, म्हणून सोडल्यावर धागा मागे येतो. उष्णतेने त्या गाठी ढिल्या पडतात. धागा त्या क्षणी ताणलेला असेल तर थंड होताना त्या नव्या जागी बसतात. मग धाग्याला तीच लांबी आपली वाटते आणि तो मागे यायचं बंद करतो. सुती कपड्यांच्या खुणेवरची इस्त्री २०० अंशांच्या आसपास असते आणि तुम्ही कडा ओढून धरता. म्हणजे तुम्ही घरच्या घरी स्टेंटर चालवताय, एक दिवसाआड. आणि कापड ओलं असेल तर वाफेमुळे हेच काम कमी उष्णतेलाही होतं.

उकळत्या पाण्याने एकदाच एवढं बिघडत नाही, पण रोज थोडंथोडं ढिलावतं. त्यात पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत क्षार आणि ब्लीचिंग दोन्ही असतं. गार पाण्यात ते सुस्त असतं, उकळत्या पाण्यात जोमाने काम करतं. नीट खंगाळलं नाही तर उरलेली पावडर कापडात राहते आणि तिच्यावरच तुम्ही तापलेली इस्त्री फिरवता.

अनिकेत, तुमचा कॉश्च्युम एन्झाइमने नाही गेला, तलावातल्या क्लोरीनने गेला. एन्झाइम रक्ताचे, पिठाचे, तुपाचे डाग तोडतात. लायक्रा हे पॉलियुरेथेन आहे, त्यांच्या खाण्यातलं नाही. पण एक गोष्ट तुमची बरोबर: पावडर बदलायला हवीच. कारण मात्र ब्लीच आणि क्षार.

अनिकेत_ठाणे

मान्य. पण पोहून आल्यावर मी लगेच खंगाळत नव्हतो, ओला कॉश्च्युम तसाच पिशवीत पडून राहायचा. त्याचा काही संबंध?

प्रोसेसवाला

संबंध तोच. पिशवीत तासन्तास क्लोरीन काम करत राहिलं. तलावातून बाहेर आलात की तिथेच गोड्या पाण्याखाली धरा.

रेवाताई, नवी घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा करा. स्लीव्ह सपाट टाका, पुढच्या हाताच्या भागावर धुतल्यावर जाईल अशा पेनने १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा. खुणा १५ वर येईपर्यंत ओढा, मनात तीसपर्यंत मोजा, सोडा. मिनिटभराने मोजा. मग गार पाण्यात धुऊन सपाट वाळवून पुन्हा मोजा. दोन्ही स्लीव्हवर करा. धुतल्यावर जे परत येतं ते फक्त दिवसाचं थकलेपण. धुऊनही जे येत नाही ते कायमचं गेलं.

शुभांगी_सोलापूर

ताई, मी स्वतः सात वर्षं स्लीव्ह घालते. रोज धुणं तुमचं चूक नाही, उलट तेच बरोबर आहे. दिवसभर हात हलतो, कापडाचे टाके सरकतात, संध्याकाळी ते थोडं सैल लागतं. धुतलं की टाके जागेवर येतात आणि सकाळी पुन्हा घट्ट. दोन दिवसांआड धुवायला लागलात तर लवकर जाईल, कारण घाम आणि अंगाचं तेल आत मुरतं.

आता एक विचारू? आई हाताला तेल लावतात का? मी पहिल्या वर्षी सकाळी खोबरेल चोळून वर लगेच स्लीव्ह घालायचे. माझी तीन महिन्यांत गेली. आता तेल रात्री, स्लीव्ह काढल्यावर.

आणि उकळण्याचं म्हणाल तर इन्फेक्शनची भीती खरी आहे, पण ते त्वचेला भेग पडली, खरचटलं, डास चावून खाजवलं की तिथून शिरतं. हात अचानक लाल, गरम झाला, ताप आला तर स्लीव्ह काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

रेवा_चिपळूण

तेल लावतात! सकाळीच लावतात, दोन्ही स्लीव्हच्या दिवशी. मग दुसरी का टिकली?

परीक्षा केली. लाल दोऱ्याची: सोडल्यावर ११.३, धुऊन वाळवल्यावर ११. आईंची: सोडल्यावर १०.३, धुतल्यावर बरोबर १०. लाल दोऱ्याच्या वरच्या कडेजवळ बारीक, पांढरे, केसासारखे धागे बाहेर आलेत. एक सुईने उचलून ओढला तर ताणलाच नाही, टचकन तुटला.

प्रोसेसवाला

ते पांढरे केस म्हणजे आतला लायक्रा तुटून टोकं बाहेर आलीत. चांगला धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी तुटत नाही. तुमच्या लाल दोऱ्याच्या स्लीव्हमध्ये दोन्ही झालंय: काही धागे लांबीला बसलेत, काही मेलेत. ही परत येणार नाही, कशानेही.

तेलाचं सांगतो. तेलाने लायक्रा फुगतो आणि अशक्त होतो, यात शंका नाही. पण आईंच्या स्लीव्हला ते रोज साबणाने निघून गेलं आणि वर उष्णता बसली नाही. तुमच्या स्लीव्हमध्ये तेलाचा वाटा किती आणि इस्त्रीचा किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही. माझा अंदाज इस्त्रीचा मोठा.

शुभांगी_सोलापूर

मला नाही तसं वाटत. माझ्याकडे इस्त्री कधीच नव्हती, तरी तेलाने गेलीच. दोन्ही स्लीव्हच्या दिवशी सकाळचं तेल बंद करा, मग कळेल.

मंदाकाकू

माझी सून सगळ्या कपड्यांना ते वासाचं सॉफ्टनर घालते. ते चालेल ना? मऊ राहील हाताला.

शुभांगी_सोलापूर

नको काकू. त्याचा थर बसतो, स्लीव्ह बुळबुळीत होऊन घसरते. आमच्या फिजिओंनी पहिल्याच दिवशी मनाई केली होती.

रेवा_चिपळूण

काल फिजिओबाईंकडे जाऊन आलो. हाताची मापं घेतली. मनगट तेच आहे, पण कोपराच्या वर एक सेंटिमीटर वाढलंय, म्हणजे सैल स्लीव्हने त्रास दिलाच. मापं बदलल्यामुळे नवी स्लीव्ह आधीच्या मापावर मागवायची नाही म्हणाल्या. काही दिवस पट्ट्या बांधून सूज उतरवून मग माप. तोवर आईंची स्लीव्हही कपाटात. शिवण मारायचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

आजपासून पद्धत बदलली. तांब्याभर गार पाणी, अर्धा चहाचा चमचा ब्लीच नसलेलं लिक्विड. पट्ट्याही अशाच धुते, चोळत नाही, दाबून. पाणी फेसाळायचं थांबेपर्यंत खंगाळते. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि पंख्याखाली पसरायचं. तेल रात्री.

एकच अडतंय. इथे पाऊस थांबत नाही आणि पंख्याखाली रात्रभर ठेवूनही जाड भाग सकाळी दमट लागतो. स्लीव्हची वरची कड तर आणखी जाड आहे. केस वाळवायच्या मशीनवर गार वारा हे बटण आहे, त्याने चालेल का? आणि स्लीव्ह दोनऐवजी तीन घेऊन फिरवल्या तर वाळायला एक दिवस जास्त मिळेल, तेवढ्यासाठी खर्च करावा का? आई म्हणतात नको, मला वाटतं करावा.