मदत हवी आहे: ए३२० चे स्पॉयलर टेकल्यावर उघडतच नाहीत

वैतागलेला_वैमानिक
डोकं फिरलंय. स्पॉयलर आर्म करतो, म्हणजे आपोआप उघडायला सज्ज ठेवतो, टेकतो, पंखावर काहीच हलत नाही. विमान सुसाट पुढे जातं आणि शेवटी गवतात. ब्रेक पूर्ण दाबलेले असतात, तरी. वर अप्रोचला उंची जास्त राहिली म्हणून स्पॉयलरचाच लिव्हर मागे ओढला तर तेव्हाही काही उघडत नाही. बग आहे का? सेटिंग सांगा पटकन. थिअरी नको.

रावसाहेब
मी गाडीला स्पॉयलर बसवून घेतला होता. डिकी जड झाली, मायलेज वाढलं नाही, धुणाऱ्या पोराचा हात दोनदा कापला. काढून टाका, हाच सल्ला.

हँगरमधला
वैमानिकसाहेब, शीर्षकात ए३२० आहे म्हणून निदान विमान कळलं. खरं की सिम्युलेटर? धावपट्टी कुठली? फ्लॅप किती? इंजिनाचा रिव्हर्स लावता का? ऑटोब्रेक लावला होता का, आणि तो चालला का?

वैतागलेला_वैमानिक
अर्थात सिम्युलेटर, खरं विमान असतं तर इथे विचारत बसलो असतो का! लोहगाव. फ्लॅप फुल. रिव्हर्सला बटण बसवलेलं नाही. ऑटोब्रेक मीडियमला असतो, तोही लागत नाही, म्हणून पायाने दाबतो. पण मुद्दा स्पॉयलरचा आहे.

भन्नाट_भिडू
स्पॉयलर म्हणजे हवेचा ब्रेक. फळी उभी राहिली की वारा आडवतो, बस. २५० च्या वेगाला त्याचा फायदा, पुढे वेग उतरला की काही नाही. चाकाचे ब्रेक नीट असले तर स्पॉयलरवाचून थांबता येतं. तुमचे ब्रेकच सेट नाहीत.

हँगरमधला
भिडू, अर्धं बरोबर. हवेत असताना फळीचं मोठं काम ड्रॅगचं. जमिनीवर ड्रॅग मिळतो तो वरकड. खरं काम आहे पंखाची लिफ्ट मोडण्याचं. टेकला त्या क्षणी विमानाचं जवळजवळ सगळं वजन अजून पंखच पेलत असतो, आणि चाकं फक्त धावपट्टीला लागलेली असतात. ब्रेक कितीही दाबा, टायरवर भार नसेल तर चाक घसरायला लागतं, मग अँटीस्किड लगेच दाब सोडतो. म्हणून "ब्रेक पूर्ण दाबलेत तरी थांबत नाही" हे ब्रेकचं लक्षणच नाही, ते स्पॉयलर न उघडल्याचं लक्षण आहे.

तिसरं_वर्ष_एरो
आकड्यात सांगतो. वजन ६० टन धरा, वेग १३५ नॉट म्हणजे साधारण ७० मीटर प्रति सेकंद, ओली धावपट्टी, घर्षण ०.२. नाक खाली आल्यावरही फ्लॅप उघडे असल्याने पंख निम्मं वजन पेलतोय असं समजा. चाकांवर ३० टन, ब्रेकचा जोर ६ टन, म्हणजे ०.१ जी. थांबायला २५०० मीटर. स्पॉयलरने लिफ्ट शून्य केली तर १२ टन, ०.२ जी, १२५० मीटर. सरळ दुप्पट. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यातले पहिले चारपाचशे मीटर टेकण्याआधीच मागे पडतात. गवत ठरलेलं.

हँगरमधला
पोरा, मांडणी चांगली, पण निम्मं वजन शेवटपर्यंत पंखावर राहत नाही. लिफ्ट वेगाच्या वर्गाने उतरते. वेग ७० टक्क्यांवर आला की ती निम्मी. ते धरून बेरीज केलीस तर २५०० ऐवजी सतराशेच्या जवळ येईल. सुरुवातीच्या काही सेकंदांत, वेग सगळ्यात जास्त असताना, ब्रेक लागत नाहीत, तिथे अंतर भसाभस खर्च होतं. आणि यात रिव्हर्स आणि हवेचा ड्रॅग धरलेला नाही.

तिसरं_वर्ष_एरो
बरोबर, इंटिग्रेट करायचं राहिलं. १७३० आलं. तरी चारपाचशे मीटरचा फरक.

भन्नाट_भिडू
म्हणजे ब्रेक आहेतच ना! माझं तेच म्हणणं.

खिडकीची_सीट
मला पण हाच प्रश्न होता. मागच्या प्रवासात पंखावर मागे बसले होते. खाली येताना पाच फळ्यांपैकी तीनच उघडल्या, कडेच्या बंद, आणि खुर्ची थरथरत होती. शेजारचे काका म्हणाले बिघाड असेल. उतरल्यावर मात्र पाचही उभ्या. हे कसं?

हँगरमधला
खिडकीताई, बिघाड नाही. ए३२० च्या प्रत्येक पंखावर पाच स्पॉयलर. आतून मोजलं तर हवेत स्पीडब्रेक म्हणून मधले तीनच, दोन ते चार, उघडतात. टेकल्यावर पाचही. वळताना एकाच पंखावरचे उचलले दिसतील, तेही मुद्दाम. थरथर फळीमागच्या विस्कटलेल्या हवेची.

आता मूळ तक्रार. टेकल्यावर स्पॉयलर उघडायला नुसता आर्म पुरत नाही. दोन्ही बाजूची मुख्य चाकं जमिनीला लागल्याची खात्री संगणकाला हवी, आणि इंजिनाचा जोर ठरवणारे *दोन्ही* थ्रस्ट लिव्हर आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, हवेत. आर्म केलं नसेल तरी रिव्हर्स लावल्यावर उघडतात, ती वाट तुम्ही बटण न बसवून बंद केलीय. आणि ऑटोब्रेक हा ग्राउंड स्पॉयलरच्या आज्ञेवरच सुरू होतो. तुमचा ऑटोब्रेकही लागत नाही, यावरून दोन्ही रोगांचं मूळ एकच दिसतंय. एक गोष्ट सांगा: टेकल्यावरही "रिटार्ड, रिटार्ड" चालूच राहतं का?

वैतागलेला_वैमानिक
हो! सतत ओरडतं. मी आवाज बंद करून ठेवलाय, कटकट होते म्हणून.

हँगरमधला
ती कटकट म्हणजेच उत्तर. लिव्हर आयडलला येईपर्यंत विमान ते सांगत राहतं. एक थ्रस्ट लिव्हर, उजवा किंवा डावा, थोडा वर राहतोय असं त्याला वाटतंय. हातातलं उपकरण शून्यावर दिसलं तरी आतला पोटेंशिओमीटर दोनतीन टक्के वर वाचत असतो. कॅलिब्रेशनच्या पानावर दोन्ही अक्षांचे आकडे बघा आणि खालच्या टोकाला डेड झोन द्या, म्हणजे तेवढं वाचन शून्यच धरलं जाईल. पुढच्या वेळी पडद्यावर `SPLRS ARM` हिरवं दिसतंय का, टेकल्यावर `WHEEL` पानावर स्पॉयलर उघडलेले दिसतात का, एवढं बघा.

याच गोष्टीने खरा अपघात झालाय. १७ जुलै २००७, साओ पावलोच्या कोंगोन्यास विमानतळावर ताम कंपनीचं ए३२०, उड्डाण ३०५४. उजव्या इंजिनाचा रिव्हर्सर आधीपासून बंद करून ठेवलेला होता. पावसात टेकलं तेव्हा डावा लिव्हर रिव्हर्सला गेला, उजव्याची नोंद मात्र क्लाइंबच्या खाचेतच राहिली. संगणकाच्या हिशेबी एक इंजिन पुढे ढकलतंय, म्हणून ग्राउंड स्पॉयलर उघडले नाहीत, ऑटोब्रेकही लागला नाही. कॉकपिटमध्ये स्पॉयलर नाहीत हे बोललंही गेलं, पण धावपट्टी जेमतेम १९४० मीटर. विमान रस्ता ओलांडून इमारतीवर गेलं. विमानातले १८७ आणि जमिनीवरचे १२ गेले. लिव्हर हाताने तिथे राहिला की लिव्हरची जागा सांगणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता, हे ब्राझीलच्या तपासाला ठामपणे ठरवता आलं नाही.

भन्नाट_भिडू
मग हा एअरबसचा संगणकच दोषी. वैमानिकाने ब्रेक मागितला, यंत्र म्हणतं थांब.

हँगरमधला
तसं बघायचं तर वॉर्सा, सप्टेंबर १९९३ चंही उदाहरण आहे. लुफ्तान्साच्या ए३२० ची दोन्ही चाकं नीट दबल्याशिवाय स्पॉयलर उघडत नव्हते. उजवं चाक आधी टेकलं, डावं सुमारे नऊ सेकंदांनी. तोवर स्पॉयलर नाही, रिव्हर्स नाही. त्यानंतर अटी सैल केल्या. पण अट अजिबातच ठेवली नाही तर टोरोंटो होतं: १९७० मध्ये डीसी-८ चे स्पॉयलर टेकण्याआधीच हाताने उघडले गेले, विमान आपटलं, १०९ माणसं गेली. कुठे रेघ ओढायची यावर माझ्या खात्यातच दोन मतं आहेत.

खिडकीची_सीट
बापरे. मग फळ्या उघडल्या नाहीत तर प्रवाशाने ओरडून सांगायचं का?

हडपसर_थर्मल
एवढं सगळं वाचून वाटतं तुम्ही लोक ग्लायडर उडवत नाही. हडपसरला शिकलो त्याला बरीच वर्षं झाली. डाव्या हाताचा एअरब्रेक हाच आमचा थ्रॉटल. उघडला की वेग कमी होत नाही, खाली येण्याचा उतार तीव्र होतो. वेग टिकवायला नाक थोडं खाली करायचं. आणि आम्ही उघडा ठेवूनच टेकतो. टेकल्यावर दचकून मिटला तर ग्लायडर परत वर जातो. बऱ्याच ग्लायडरमध्ये तोच लिव्हर टोकापर्यंत ओढला की चाकाचा ब्रेक लागतो. मग धागाकर्त्याचं विमान अप्रोचला का उघडू देत नाही?

हँगरमधला
कारण फ्लॅप फुल आहेत. त्या वेळी विमान कमी वेगाला, स्टॉलपासून, म्हणजे पंखाची लिफ्ट तुटते त्या टोकापासून, फार दूर नसतं. फळी उघडली की लिफ्ट जाते, ती भरून काढायला नाक उचलावं लागतं, म्हणजे स्टॉल आणखी जवळ. म्हणून ए३२० ला फ्लॅप फुल असताना स्पीडब्रेक मुद्दाम अडवलेला आहे. ए३२१ ला तर फ्लॅप ३ पासूनच. बग नाही.

हडपसर_थर्मल
तत्त्व तेच. आमच्याकडे वैमानिकावर विश्वास ठेवतात, एवढाच फरक.

हँगरमधला
तुमच्याकडे मागे दीडशे माणसं बसलेली नसतात. आणि तुमचं विमान उघड्या ब्रेकने उतरण्यासाठीच बांधलेलं असतं.

वैतागलेला_वैमानिक
उजव्या लिव्हरचा अक्ष शून्यावर येतच नव्हता. डेड झोन दिला. पाचही उभे राहिले, ऑटोब्रेक लागला, शेवटच्या टॅक्सीवेच्या आधी थांबलं. पण आता टेकल्यावर स्पॉयलर उघडले की नाक वर उचलतं. हे नवीन काय?

हँगरमधला
ते खऱ्या विमानातही होतं. स्पॉयलर उघडले की नाक वर जाण्याचा कल असतो. साइडस्टिक सोडू नका, ओढूही नका. हलक्या हाताने नाक खाली येऊ द्या. टेकल्यावर मागे ओढून धरायची सवय असेल तर शेपूट घासेल.

वैतागलेला_वैमानिक
ठीक. आणि उंची जास्त असेल तर फ्लॅप ३ ला लिव्हर ओढला तर चालेल?

हँगरमधला
ए३२० ला उघडेल. पण त्याआधी चाकं लवकर खाली करा, तो ड्रॅग फुकटचा असतो आणि लिफ्टला हात लावत नाही. लिव्हर ओढलाच तर फ्लॅप फुल करण्याआधी `RET` वर, म्हणजे मिटलेल्या जागेवर, परत न्या. विसरलात तर फळ्या आपोआप मिटतील, लिव्हर मात्र मागेच राहील. लिव्हर `RET` वर नसेल तर आर्म होत नाही.

रावसाहेब
आर्म म्हणजे हात का? पोराच्या हाताचं मी आधीच सांगितलं होतं.