गंजाच्या डागांवर ब्लीच नकोच

> बोअरचं पाणी आहे. कमोडमध्ये पांढरं कडं आणि नारिंगी ओघळ पडलेत. ब्लीचने जात नाहीत, ॲसिडही सोबत टाकू का?

नाही, कृपया टाकू नका. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट फुफ्फुसांवर जातो. डोळे चुरचुरले, घसा आवळला तर फ्लश करायलाही न थांबता आधी मोकळ्या हवेत या. टॉयलेट क्लीनरच्या बहुतेक बाटल्यांतही ॲसिडच असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

ब्लीच क्षार विरघळवत नाही आणि पाण्यातलं लोह त्याने उलट आणखी गंजून घट्ट बसतं. इथे एकटं लिंबूसत्त्व पुरतं. आधी दोन-तीनदा फ्लश करून ब्लीच पूर्ण घालवा. मग टाकीचा कॉक बंद करून फ्लश करा आणि उरलेलं पाणी ब्रशने आत ढकला, नाहीतर द्रावण पातळ होतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. हातमोजे घालून, त्यात भिजवलेले टिश्यू कड्यावर आणि ओघळांवर चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी टिश्यू काढून ब्रशने घासा. जाड थर एका रात्रीत जाणार नाही, पुन्हा करा, पण तारेच्या घासणीने चकाकी खरवडू नका. तिथेच गंज पुन्हा लवकर धरतो.