नुसतं 'नमस्कार' आलं तर? सपोर्टच्या मुलाखतीतले प्रश्न

तापीकाठ
मुलाखतीचे कागद लावताना जुना प्रश्न हाती लागला, म्हणून धागा काढतेय. ठिबकचं सपोर्ट डेस्क. स्क्रीनवर ग्राहकाचा एकच शब्द, 'नमस्कार', सकाळी 6.40. शेजारी त्याची नोंद उघडी: रावेर, केळी, 4 दिवसांपूर्वी 'शेवटच्या लॅटरलला पाणी पोचत नाही', तक्रार बंद. उमेदवारानं 2 मिनिटांत पहिलं उत्तर टाईप करायचं.
'काय मदत करू?' लिहिलं की गुण कापायचे, कारण नोंद बघितलीच नाही. त्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. थेट 'फिल्टर धुतला का?' लिहिलं तरी कापायचे, तक्रार तीच आहे हे कुठे ठरलंय? जमलेलं उत्तर असं:
'नमस्कार दादा. शेवटच्या लॅटरलच्या पाण्याबद्दलच आहे का? असेल तर फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही गेजचा फोटो टाका. दुसरं काही असेल तर एका ओळीत लिहा.'
तुमच्याकडे काय विचारतात?

रात्रपाळी
हा अर्धाच प्रश्न झाला. पुढे विचारा, 'ग्राहक गप्प झाला, आता?' व्हॉट्सॅपच्या बिझनेस API वरून ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच मोकळं लिहिता येतं, मग फक्त मंजूर टेम्प्लेट जातं. 6.40 ला आलेल्याची मुदत उद्या 6.40 ला संपते. म्हणून आठवण आज संध्याकाळीच, माणूस शेतातून घरी आल्यावर. आणि तिकीट 'उत्तराची वाट' मध्ये ठेवायचं. 'सोडवलं' करणारा उमेदवार मी घेत नाही.

चोपडेकर
ऑटो रिप्लाय लावा ना. पहिल्या उत्तराची वेळ काही सेकंदांवर येते, प्रश्नच मिटला.

रात्रपाळी
वेळ कमी दिसते हे खरं. पण ग्राहक होता तिथेच राहतो. माणसाचं पहिलं उत्तर वेगळं मोजा, मग कळेल. आणि 24 तास ग्राहकानं लिहिलं तरच पुन्हा सुरू होतात, आपल्या मेसेजनं नाही.

सोनगीर_ताई
मला सोमवारी धुळ्याला मुलाखत आहे, फोनवरच्या सपोर्टची. नमस्कार म्हणू की हॅलो?

तापीकाठ
ताई, इथे चॅटचं चाललंय. तरी नोंद आधी बघायची हे तिथेही लागू. शुभेच्छा!

भो_अमळनेर
एक पटलं नाही. आपल्याकडे 'राम राम भो' हा रिकामा मेसेज नाहीच. आधी राम राम परत करा, थांबा, मग कामाचं विचारा. एकातच कोंबलं की वयस्कर माणसाला तुटक वाटतं.

तापीकाठ
राम राम परत करायचाच, पण त्याच मेसेजात. नुसता राम राम गेला तर तो वाचून फोन खिशात ठेवतो आणि दुपारपर्यंत बघत नाही.

भो_अमळनेर
चॅटवर असेल तसं. बांधावर नाही चालणार.

केळीबाग
विषय सोडून बोलतोय, पण गेजचे फोटो येतात त्यात काटाच दिसत नाही, काचेवर माती.

रात्रपाळी
'ओल्या फडक्यानं काच पुसा, पंप चालू ठेवूनच फोटो काढा' हेही त्याच मेसेजात लिहायचं. पंप बंद असला की दोन्ही काटे शून्यावर, आणि पुन्हा एक फेरी वाढते.