मदत हवी आहे: रिकरन्समध्ये पर्टिक्युलर सोल्युशनचा अंदाज बसतच नाहीये

गोंधळी_गणिती: सेव्हिंग खात्यात सुरुवातीला १०००, वर्षाला १० टक्के व्याज आणि दर वर्षअखेर १०० भरायचे, म्हणजे `a(n) = 1.1·a(n-1) + 100`. इथे उत्तर स्थिर असेल असं धरलं, `p = 1.1p + 100`, त्यातून p = -१००० आलं आणि `a(n) = 2000·1.1^n - 1000` हे ताळ्यात बरोबर बसतंय (पैसे भरत असताना वजा १००० कुठून आले ते अजून कळलेलं नाही, असो). पुढच्या गणितात भरणासुद्धा दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतो, `a(n) = 1.1·a(n-1) + 100·1.1^n`. `A·1.1^n` धरलं तर A दोन्हीकडून उडून जातो आणि उरतं 0 = 100. तीनदा करून पाहिलं, कुठे चुकतंय?

झटपट: अंदाजाला n ने गुणायचं, संपलं. मी तर नेहमीच गुणतो.

वजाबाकी: नेहमी नको रे, पहिल्याच गणितात `A·n` टाकून बघ, n चा सहगुणक शून्य यायला A = 0 लागतो आणि मग १०० ला वालीच राहत नाही. इथे n लागतो कारण `1.1^n` हे भरणा नसलेल्या समीकरणाचंच उत्तर आहे, ते आत टाकलं की शून्यच मिळणार, त्यातून `100·1.1^n` कसं निघेल? आता `A·n·1.1^n` टाक, `1.1^n` ने भागलं की उरतं `A·n = A·(n-1) + 100`, म्हणजे A = १००. पूर्ण उत्तर `(C + 100n)·1.1^n`, आणि C मात्र सगळ्यात शेवटी a(0) वरून काढ. C = १०००. ताळा: a(1) = 1100 × 1.1 = १२१०, आणि हाताने 1100 + 110, तेवढेच.

हप्तेवाला: माझं कर्ज आहे, महिना १ टक्का, हप्ता २००. यालाही n ने गुणायचं का?

वजाबाकी: नाही, तुमचा हप्ता वाढत नाही. `p = 1.01p - 200`, p = २००००. एवढी बाकी असेल तर हप्ता नुसता व्याजातच जातो आणि कर्ज जागचं हलत नाही. धागाकर्त्या, तुझं -१००० पण हेच, १००० चं कर्ज असतं तर भरलेले १०० व्याजालाच पुरले असते.

गोंधळी_गणिती: अरे हो की! बसलं. आधी मी C पहिल्याच पायरीला काढत होतो, म्हणून a(0) शून्य यायचं. पण भरणा १० ऐवजी ९.९ टक्क्यांनी वाढवला तर साधा `A·1.099^n` चालतो आणि A येतो -१०९९००. खात्यात १००० असताना? मग बरोब्बर १० ला अचानक n कुठून उगवतो?

झटपट: कॅल्क्युलेटर तपास.

वजाबाकी: कॅल्क्युलेटर ठीक आहे, C पण ११०९०० येतो, दोन्ही एकमेकांना खातात. त्या वजाबाकीतूनच n निघत असणार, नीट मांडायला बसावं लागेल, रात्री बघतो.