मासेमारी बंदीचं मराठी परिपत्रक इंग्रजीत थोडक्यात कसं लिहू? सल्ला हवा

मिरकरवाडा_पार
मी रत्नागिरीत मासळी प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघतो. आमचे खरेदी व्यवस्थापक केरळचे आहेत. इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरती, मराठी वाचता येत नाही. पावसाळी बंदीचं परिपत्रक आलंय, सात पानी. त्यांना उद्यापर्यंत एका पानात सोप्या इंग्रजीत हवंय. मी पहिल्या पानापासून ओळीने भाषांतर सुरू केलं, तर दोन पानं झाली तरी बंदी कधीपासून हेच आलेलं नाही! नुसते संदर्भ क्रमांक चाललेत. कुठून सुरुवात करू?

नोटरीवाले_काका
असं भाषांतर कोर्टात चालत नाही. शपथपत्रासकट अधिकृत अनुवादकाकडून करून घ्या. माझ्या वारस दाखल्याच्या वेळी साध्या भाषांतरावर बँकेने परत पाठवलं होतं.

मिरकरवाडा_पार
काका, कोर्टात द्यायचं नाहीये हो. साहेबांना जून-जुलैचा माल ठरवायचाय, एवढंच.

दप्तरी_रत्नांग्री
निम्मी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली, त्यावरून सांगतो. परिपत्रक वरून खाली वाचू नका. आधी विषय वाचा, मग सरळ 'परिपत्रक' हा मथळा शोधा. त्याच्या वरचे संदर्भ आणि प्रस्तावना हे का काढलं त्याचं पुराण असतं. शेवटी 'प्रत' म्हणून जी यादी असते तीही सोडा. सात पानांतलं कामाचं साधारण अडीच पानं निघेल. फक्त प्रस्तावना सोडण्याआधी एक बघा: कुठे 'अधिक्रमित' असं लिहिलंय का. असेल तर जुनं परिपत्रक रद्द झालं, आणि ती एक ओळ साहेबांना द्यावीच लागेल.

मग बंदीचं मुख्य वाक्य इथे टंका, बघू.

मालवणी_झील
बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत असते, त्यात वाचायचं काय? आमच्याकडे नारळ दिल्याशिवाय होडी दर्यात जाणा नाय. तेवढं लिहा, झालं.

दप्तरी_रत्नांग्री
झिला, रिवाज बरोबर आहे, नियम जुना झाला. पूर्वी 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल ते, असं होतं. आता 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आणि गंमत म्हणजे ती जुनी तारीख अशा परिपत्रकांच्या प्रस्तावनेत हटकून सापडते. घाईत सारांश काढणारा तीच उचलतो.

मिरकरवाडा_पार
हे घ्या वाक्य: "उपरोक्त अधिनियमातील तरतुदीस अनुसरून राज्याच्या जलधी क्षेत्रात यांत्रिक मासेमारी नौकांस दि. 1 जून ते दि. 31 जुलै (दोन्ही दिवस धरून) या कालावधीत मासेमारीस बंदी घालण्यात येत असून, पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगर यांत्रिक नौकांस सदर बंदी लागू राहणार नाही. बंदीपूर्वी समुद्रात गेलेल्या नौकांनी दि. 1 जूनपूर्वी बंदरात परत यावे. तद्नंतर मासे उतरविण्यास परवानगी राहणार नाही."

मी इंग्रजीत लिहिलं की बोटींनी 1 जूनच्या सुमारास परत यायला हवं, आणि तिथे 'शुड' वापरलं.

दप्तरी_रत्नांग्री
दोन्ही बदला. 'परत यावे' ही सरकारी आज्ञा आहे, विनंती नव्हे, तिथे 'मस्ट' पाहिजे. 'शुड' वाचून साहेब म्हणतील, एखादा दिवस इकडेतिकडे चालेल. आणि 'सुमारास' कुठून आलं? 1 जूनपूर्वी म्हणजे मासे उतरवायचा शेवटचा दिवस 31 मे. इंग्रजीत सरळ 31 मे लिहा, त्यांना वजाबाकी करायला लावू नका.

आता वाक्य फोडा. कोणाला: यांत्रिक नौकांना. कुठे: राज्याचं जलधी क्षेत्र, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, साधारण 22 किलोमीटर. कधी: दोन्ही दिवस धरून 61 दिवस. कोणाला नाही: बिगर यांत्रिक. चार तुकडे, चार छोटी इंग्रजी वाक्यं. अपवाद मात्र बंदीला लागूनच ठेवा, खाली टीप म्हणून टाकला की वाचला जात नाही.

12 मैलांपलीकडचा मुद्दाही शोधा, बहुधा पुढच्या पानावर असेल. तिथे केंद्राची बंदी असते, पश्चिम किनाऱ्याला तारखा त्याच. तो सुटला तर साहेबांना वाटेल खोल समुद्रातले ट्रॉलर चालू राहणार.

कोल्डस्टोअर_नीता
दादा, तुमचे साहेब केरळचे आहेत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथली ट्रॉलिंग बंदी 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत असते, 52 दिवस. आणि पारंपरिक होड्या इंजिन लावूनही समुद्रात जातात. ते तेच डोक्यात ठेवून तुमचं पान वाचणार. तेव्हा अगदी वरच लिहा की इथे बंदी 1 जूनलाच सुरू होते आणि फक्त ट्रॉलरना नाही, पर्ससीन, गिलनेट, इंजिनाच्या सगळ्या नौकांना आहे. मी असते तर पहिलीच ओळ घातली असती: 31 मेनंतर म्हाकूल, राणी मासा, बांगडा यांची स्थानिक आवक धरू नका.

दप्तरी_रत्नांग्री
नीताताई, मुद्दा मोलाचा, पण ती आवकेची ओळ परिपत्रकात नाही, तुमचा निष्कर्ष आहे. पानाचे दोन भाग करा. वर 'परिपत्रक काय म्हणतं', प्रत्येक वाक्यापुढे पान आणि परिच्छेद क्रमांक. खाली 'आपल्यासाठी याचा अर्थ', त्यात तुमचं मत. 1 ऑगस्टला बोटी निघतील, पण माल जेटीवर यायला पुढचे काही दिवस जातील, तेही खालच्या भागात. मिसळलंत तर उद्या साहेब कोणाशी बोलताना तुमचा अंदाज सरकारचं वाक्य म्हणून सांगतील.

कोल्डस्टोअर_नीता
मान्य, पण मग पहिली ओळ कोणती? व्यवस्थापक पहिल्या दोन ओळी वाचून फोन उचलतात. मी तरी अर्थ वर ठेवीन आणि परिपत्रक खाली.

दप्तरी_रत्नांग्री
ठेवा, मथळा वेगळा असला म्हणजे झालं. मला ते पटत नाही, एवढंच.

मिरकरवाडा_पार
12 मैलांचा मुद्दा सापडला, पान 4. दंड, नौका जप्ती, डिझेल सवलत, अपघात झाल्यास भरपाई नाही, हे सगळं बोटमालकांसाठी आहे. गाळू का?

दप्तरी_रत्नांग्री
गाळू नका, दोन ओळींत आटपा. बोटमालकाला काय गमवावं लागतं हे कळलं की बंदीत चोरून आलेला माल का नाकारायचा तेही साहेबांना कळेल. कलमांचे आकडे मात्र तसेच उतरवा, गोल करू नका.

मिरकरवाडा_पार
एक अडलंय. आमच्याकडे काही छोट्या होड्या बाहेरून इंजिन लावतात, गरज नसेल तेव्हा काढून ठेवतात. त्या यांत्रिक की बिगर यांत्रिक? परिपत्रकात काहीच नाही. साहेब हेच पहिलं विचारणार, केरळात चालतं म्हणून.

मालवणी_झील
इंजिन काढून ठेवलं तर बिगर यांत्रिक. सोपं आहे.

दप्तरी_रत्नांग्री
एवढं सोपं नाही. माझ्या वाचनाप्रमाणे इंजिनावर मासेमारीला गेली की ती यांत्रिक, इंजिन आत असो की बाहेर. पण हे माझं वाचन. सारांशात लिहा की परिपत्रक यावर गप्प आहे, आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला लेखी विचारा. होडीच्या नोंदणीत काय लिहिलंय तेही बघून घ्या.

कोल्डस्टोअर_नीता
आणि 31 मेपर्यंत घेतलेल्या मालाच्या लिलावाच्या पावत्या तारखेसकट जपा. जूनमध्ये गोठवलेला माल कधीचा, असं कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. हेही परिपत्रकात नाही, म्हणून खालच्या भागात!

मिरकरवाडा_पार
पान झालं. शेवटी नीताताईंचं ऐकून अर्थ वर घेतलाय, मथळा वेगळा. होडीच्या इंजिनाचं पत्र सोमवारी कार्यालयात देतो. उत्तर आलं तर इथे टाकतो.

नोटरीवाले_काका
पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट.