मदत हवी आहे : गाईच्या पोटात पन्नी, ऑपरेशन आत्ता करावं का?

गाय गावरान, 5 महिन्यांची गाभण, गायक्यासोबत चरायला जाते. आखरापासून बाजाराच्या मैदानापर्यंत वाटेवर पन्न्याच पन्न्या.

तीन आठवड्यांत चारदा पोट फुगलं. औषधानं उतरतं, पुन्हा फुगतं. ढेप खाते, कुटाराला तोंड लावत नाही. शेण थोडं, चिकट. ताप 101.5, म्हणजे नाही. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली, तर मिनिटाला एक-दोनदा पोटाची लाट हाताला लागायला हवी. इथे पाच मिनिटांत दोनच, त्याही क्षीण. बोटानं दाबलं की मळलेल्या कणकेसारखा खळगा राहतो.

तार किंवा खिळा असेल असं वाटत नाही. त्यात गाय कण्हते, पाठ कमानीसारखी करते, उतारावर जायला कचरते, पुढे गळ्याखाली सूजही येते. यातलं काहीच नाही. चुंबक फक्त लोखंड धरतो, त्यामुळे पन्नीला निरुपयोगी. आणि तेल पाजून पन्नी विरघळत नाही.

डॉक्टर डाव्या कुशीतून पोट उघडून गोळा काढायचा म्हणतात, गाय उभी ठेवून, जागा बधिर करून. गाभण गाईचं असं ऑपरेशन कुणी केलंय का? वासराला धोका किती, टाके पडल्यावर किती दिवस कुटार बंद ठेवलं?

बाकी ढोरं चिंध्या, हाडं चघळतात, म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलंय. सकाळी कोठ्यातच कुटार देऊन मग सोडतो, उपाशी ढोर उकिरड्यावर आधी जातं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कळप त्या वाटेनं नेऊ नये, हे गायक्याला कसं पटवलंत?