विषय: हीथ्रो टी३ ते टी५, आई-बाबा, १ तास ५० मिनिटं. जमेल का?

अनघा:
मंडळी, उत्तर आजच हवंय, तिकीट बदलायचं तर एअरलाइनला रात्रीपर्यंत कळवायचंय. आई-बाबा पुढच्या गुरुवारी शिकागोहून मुंबईला परत निघतायत. पहिलं विमान अमेरिकनचं, सकाळी ७:२५ ला हीथ्रो टर्मिनल ३. पुढचं ब्रिटिश एअरवेजचं, ९:१५ ला टर्मिनल ५ वरून. एकाच तिकिटावर आहे. बाबांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत, आणि आई इंग्रजीत विचारायला लाजते. मधे बस आहे आणि पुन्हा सिक्युरिटी आहे म्हणतात. कोणी नुकतं केलंय का?

समीर:
अगं आरामात होईल. टी३ वरून टी५ ला ट्रेन आहे, फुकट. मी गेल्या वर्षी तीच घेतली, पाच-सात मिनिटांत टी५. बसच्या नादी लागू नका, ती रखडते. आणि युकेचा ट्रान्झिट व्हिसा काढलाय ना? इंडियन पासपोर्टला लागतो.

मेधाताई:
समीर, ट्रेन फुकट आहे हे खरं, पण ती बाहेरच्या बाजूला आहे. इमिग्रेशन पार करून बाहेर पडायचं, खाली स्टेशनला जायचं, टी५ ला उतरून पुन्हा सगळ्या प्रवाशांबरोबर आत शिरायचं. तू तेव्हा लंडनला मुक्कामाला होतास, म्हणून तुला ती सोयीची पडली. काका-काकूंनी बाहेर पडायचंच नाही.

व्हिसाचंही तसंच. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा चालू आहे आणि ते आतल्या आतच राहणार आहेत, म्हणून वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. फक्त तो व्हिसा त्या दिवशी संपलेला नसावा. अनघा, जुन्या पासपोर्टवर चिकटवलेला असेल तर दोन्ही पासपोर्ट हातात ठेव, सुटकेसमध्ये नको.

आता वेळेचं बघू. विमान ७:२५ ला गेटवर लागलं, मागच्या सीटवरून बाहेर पडायला १५-२० मिनिटं. धरा पावणेआठ. मग जांभळ्या पाट्या, 'फ्लाइट कनेक्शन्स' लिहिलेल्या. 'अरायव्हल्स'कडे वळायचं नाही, सगळी गर्दी तिकडे वळली तरी. टी३ लांबलचक आहे, बाबांच्या चालीने १५ मिनिटं. बस दर सहा-दहा मिनिटांनी सुटते, आणि मैदानाच्या कडेने वळसे घेत टी५ ला पोचायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे ८:२५ च्या आसपास टी५.

खरी मेख इथे आहे. टी५ ला सिक्युरिटीच्या आधी बोर्डिंग पास मशीनवर लावावा लागतो, आणि ब्रिटिश एअरवेजचं बंधन असं की सुटण्याच्या ३५ मिनिटं आधी तो लागलेला असला पाहिजे. ९:१५ मधून ३५ गेले, ८:४०. उशीर झाला तर मशीन आत सोडत नाही, मग समोर विमान उभं असलं तरी. म्हणजे तुमच्या हातात पंधरा मिनिटं उरतात. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं की गेलं.

दिलीपकाका:
टर्मिनल बदलण्याबाबत माझा अनुभव सांगतो. मुंबईत टी२ ला उतरून टी१ ला जायचं तर आतून वाट नाही, रस्त्याने जावं लागतं. बॅगा टी२ लाच घ्या, कस्टम्स तिथेच होतं, टॅगवर पुढचं शहर लिहिलेलं असलं तरी. माझ्या भाच्याचं पुण्याचं सामान बेल्टवरच फिरत राहिलं होतं. रिक्षावाल्याशी भाव ठरवूनच बसा. गणपतीच्या वेळी मी पीडीएफ पाठवली होती, त्यात सगळं आहे.

अनघा:
काका, हीथ्रोचं चाललंय हो. मुंबईत बाबांना घ्यायला दादा येतोय.

मेधाताई, म्हणजे मधलं अंतर अगदीच कमी आहे का? एअरलाइनने तर स्वतःच हे तिकीट विकलं.

मेधाताई:
विकलं कारण टी३-टी५ ला त्यांची किमान मर्यादा ९० मिनिटं आहे आणि तुझी ११० आहेत. कागदावर बसतं. तरुण माणूस पाठीवर बॅग टाकून पळतो, त्याला पुरतं. आणि सुटलंच विमान तर एकाच तिकिटामुळे पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी त्यांची. पण काकांना तिथे आठ तास बसवायचं का, हे तू ठरव.

सिक्युरिटीनंतरही संपत नाही. टी५ च्या मुख्य इमारतीखेरीज बी आणि सी अशा दोन इमारती आहेत, तिथे जमिनीखालच्या गाडीने जावं लागतं. गेट सी मध्ये निघालं तर आणखी पंधरा मिनिटं धरा, आणि गेट सुटण्याच्या वीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ८:५५. दुकानं बघत थांबायला वेळच नाही. गेट बोर्डवर उमटलं की चालू लागायचं.

वैशाली:
व्हीलचेअर मागा ना! माझ्या सासूबाईंना वेगळ्या गाडीतून नेलं, रांगाही नाहीत.

समीर:
व्हीलचेअरवाले सगळ्यात शेवटी उतरतात, वैशाली. खुर्ची दारात यायलाच पाऊण तास गेला एकदा. इतक्या कमी वेळात मी तर नाही घेणार.

वैशाली:
तुमच्या वेळी उशीर झाला म्हणून सगळ्यांच्याच वेळी होतो असं नाही. सासूबाईंना सोबतच्या माणसाने गेटपर्यंत पोचवलं, एकदाही विचारावं लागलं नाही. अनघाच्या आईला तेच तर हवंय.

श्रीपाद (सचिव):
नम्र विनंती, ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. प्रवासाच्या प्रश्नांना वेगळा धागा मीच सुरू करून दिला होता. तरीही विषय निघालाच आहे तर: माझ्या आईची ड्यूटी-फ्रीची सीलबंद पिशवी तिने विमानात हौसेने उघडली आणि दुसऱ्या सिक्युरिटीला अत्तर काढून घेतलं. पिशवी फोडायची नाही, पावती आतच ठेवायची.

समीर:
आता हीथ्रोला नवे स्कॅनर आलेत, लॅपटॉपही बाहेर काढावा लागत नाही. द्रवांची कटकट संपली.

मेधाताई:
स्कॅनर नवे, रांग तीच. बॅग संशयावरून बाजूला काढली की दहा मिनिटं तिथेच जातात, आणि काकूंच्या हातातल्या बॅगेत लोणची-मेपल सिरप असणारच. ते सगळं चेक-इनमध्ये टाका. शिकागोलाच दोन्ही बोर्डिंग पास छापून घ्या आणि बॅगेच्या टॅगवर बीओएम आहे ना ते बघा, मग हीथ्रोला बॅग घ्यायचीच नाही.

आणि बदलायचंच असेल तर ब्रिटिश एअरवेजचंच शिकागोचं विमान माग. ते टी५ लाच उतरतं. सिक्युरिटी तरीही होते, पण बस आणि टी३ ची पायपीट वाचते.

अनघा:
फोनवर आहे. त्या विमानात गुरुवारी जागा आहे, पण बदलाचे पैसे किती ते सांगायला म्हणे आणखी कोणाला विचारतायत. व्हीलचेअरचं अजून ठरवलं नाही, बाबा ऐकतच नाहीयेत.

दिलीपकाका:
एअर इंडियाचं शिकागो-दिल्ली थेट आहे, लंडन कशाला? श्रीपाद, शनिवारी हॉलची किल्ली कोणाकडे?